मराठी खरेदीखताचा कन्नड गोषवारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जत, अक्कलकोट, गडहिंग्लज या भागांत जमीन घेणारा माणूस अनेकदा अथणी, इंडी किंवा हुक्केरीकडचा असतो. बोलण्यापुरतं मराठी त्याला येतं, पण खरेदीखताचं मराठी समजत नाही. घरात वाचणारा मुलगा कन्नड शाळेत शिकलेला असतो. त्यामुळे खरेदीखताचा दोन-तीन पानी कन्नड गोषवारा करून द्या, अशी मागणी येते. मी हे काम बरीच वर्षं करतो आहे. लोक जे प्रश्न विचारतात आणि ज्या जागी चुका होताना पाहिल्या, त्यांची उत्तरं इथे देतो आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे. ते समजावण्यासाठी रचलेलं असलं तरी त्यातल्या अडचणी खऱ्या आहेत.

हा गोषवारा कायद्याने चालतो का?

दस्त म्हणून चालत नाही. महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे नोंदलं जातं ते मराठी खरेदीखत, आणि उद्या वाद झाला तर वाचलं जाईल तेही तेच. गोषवारा खरेदीदाराला समजण्यासाठी असतो. पहिल्या पानावर वरच कन्नडमध्ये तसं लिहावं: हा सारांश आहे, मूळ मराठी दस्त आणि यात फरक आढळल्यास मूळ दस्त खरा.

नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १९ मध्ये अनुवादाची तरतूद आहे, पण ती वेगळ्या प्रसंगासाठी आहे. निबंधकाला न समजणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेतला दस्त नोंदायला आणला, तर सोबत खरा अनुवाद आणि नक्कल द्यावी लागते. आपलं प्रकरण उलटं आहे. दस्त मराठीत आहे, निबंधकाला समजतो, समजत नाही तो खरेदीदाराला. म्हणून शक्य असेल तेव्हा मूळ दस्तातच एक वाक्य घालून घ्यावं: या दस्तातील मजकूर खरेदीदारास कन्नड भाषेत वाचून व समजावून सांगितला आहे. त्याखाली समजावणाऱ्याची सही असावी.

गोषवारा कधी करायचा, नोंदणीआधी की नंतर?

आधी. दस्ताचा मसुदा पक्का झाला की लगेच. नंतर केलेला गोषवारा काय घडून गेलं एवढंच सांगतो. आधी केलेला चुका पकडतो, आणि त्या वेळी त्या दुरुस्त करायला मसुद्यात एक ओळ बदलणं पुरतं.

७/१२ वरचं क्षेत्र कन्नडमध्ये जसंच्या तसं उतरवलं तर काय बिघडतं?

सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

आमच्या उदाहरणातल्या ७/१२ वर क्षेत्र आहे १.२०.००. मराठी वाचणाऱ्याला ते एक हेक्टर वीस आर असं कळतं, कारण स्तंभाच्या डोक्यावर हे.आर.चौ.मी. लिहिलेलं असतं. कर्नाटकातला शेतकरी मात्र आयुष्यभर पहाणी, म्हणजे तिथला जमिनीचा उतारा, वाचत आलेला असतो, आणि पहाणीवर क्षेत्र असतं एकर, गुंठे, आणे या क्रमाने. तिथला आकडाही असाच दिसतो. अथणीकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी माझ्यासमोर ७/१२ वर बोट ठेवून म्हटलं होतं, “ओंदु एकरे, इप्पत्तु गुंटे.” म्हणजे एक एकर वीस गुंठे. तेव्हा मी नवखा होतो. पहिल्या गोषवाऱ्यात मीच तो आकडा एकक न लिहिता उतरवला होता. जमीन त्यांना वाटली त्याच्या जवळपास दुप्पट होती, आणि एवढ्या जमिनीला एवढा भाव कसा, म्हणून त्यांनी व्यवहार थांबवायची तयारी केली होती. चूक माझी होती. तेव्हापासून एककाशिवाय एकही आकडा मी कागदावर ठेवत नाही.

हिशेब असा. एक हेक्टर म्हणजे १०० आर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणून १.२०.०० म्हणजे १२,००० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. १२,००० ला १०१.१७ ने भागलं की ११८.६१ गुंठे येतात. ४० गुंठ्यांचा एकर धरला तर २ एकर ३८.६१ गुंठे.

आर म्हणजेच गुंठा ना? आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

बोलण्यात चालतं, कागदावर नाही. आर गुंठ्यापेक्षा थोडा लहान आहे, सुमारे एक टक्क्याने. एका आरात १,०७६ चौरस फूट, गुंठ्यात १,०८९. फरक क्षुल्लक वाटतो, पण शंभर-सव्वाशे आरांत तो साठत जातो.

आमच्या उदाहरणात १२० आर म्हणजे १२० गुंठे धरले, तर बरोबर तीन एकर होतात. हा सुबक आकडा लोकांना फार आवडतो. प्रत्यक्षात जमीन २ एकर ३८.६१ गुंठे आहे. फरक १.३९ गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे दीड हजार चौरस फुटांचा. भाव एकरी नऊ लाख ठरला असेल तर तीन एकराचे २७ लाख होतात. खऱ्या क्षेत्राने मोजले तर २६ लाख ६९ हजारांच्या आसपास. एकतीस हजारांचा फरक केवळ आर आणि गुंठा एक मानल्यामुळे पडला.

उभयतांनी एकूण किंमत ठोक २७ लाख ठरवली असेल, तर गोषवारा लिहिणाऱ्याने त्यात पडू नये. पण गोषवाऱ्यात मूरु एकरे, म्हणजे तीन एकर, असं मात्र कधीही लिहू नये. मी असं लिहितो: आधी मूळ आकडा, “१ हेक्टर २० आर ०० चदर मीटर”, आणि खाली “अंदाजु २ एकरे ३८.६१ गुंटे”. चदर म्हणजे चौरस. अंदाजु हा शब्द महत्त्वाचा आहे. मूळ माप ७/१२ चं, रूपांतर फक्त समजण्यासाठी. ३८.६१ चे ३९ करू नका. आकडा असा पूर्ण केला की सव्वाचारशे चौरस फूट हवेतून तयार होतात.

काही खरेदीदार आणे मागतात, कारण पहाणीवर गुंठ्याच्या खाली आणे असतात आणि सोळा आण्यांचा एक गुंठा. ०.६१ गुंठे म्हणजे पावणेदहा आणे. मागितलं तर द्यावं, पण दशांशातला आकडा काढून टाकू नये.

बिनशेती प्लॉटसाठीही हेच लागू आहे का?

तत्त्व तेच, सापळा वेगळा. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर एकक आर.चौ.मी. असतं, हेक्टर नसतो. तिथे ३.२० लिहिलं असेल तर ते तीन आर वीस चौरस मीटर, म्हणजे ३२० चौरस मीटर. शेतीच्या उताऱ्याची सवय असलेला माणूस त्यालाच तीन हेक्टर वीस आर समजू शकतो. म्हणून आकड्याआधी स्तंभाचं डोकं वाचायचं. प्लॉटला मी चौरस मीटर आणि चौरस फूट दोन्ही देतो, कन्नडमध्ये चदर मीटर आणि चदर अडि. लांबी-रुंदी दस्तात असेल तर ती वेगळ्या ओळीत. कोणती बाजू पूर्व-पश्चिम आणि कोणती दक्षिणोत्तर, हे दस्तात दिलं असेल तर तेही.

पोटखराब्याचं काय करायचं? एकूण क्षेत्र दिलं की पुरे ना?

पुरत नाही. आमच्या १.२०.०० मध्ये लागवडीयोग्य १.१२.०० आणि पोटखराबा ०.०८.०० आहे. तिन्ही आकडे द्यावेत. सुदैवाने हा शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना ओळखीचा आहे. कर्नाटकात त्याला खराबु म्हणतात आणि तिथेही अ आणि ब असे दोन प्रकार आहेत, तिथल्या लिपीत ए खराबु आणि बी खराबु. महाराष्ट्राच्या ७/१२ वर वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. तुमच्या आठ आरांत किती अ आणि किती ब, हे खरेदीदाराला कळलंच पाहिजे. ब वर्गाच्या जमिनीत तो उद्या गोठा बांधू शकणार नाही.

गट नंबरचं भाषांतर काय?

करायचं नाही. गट हा महाराष्ट्रातल्या एकत्रीकरणानंतरचा नंबर आहे. बेळगावकडच्या माणसाला आर.एस. नंबर ठाऊक असतो, बाकीच्यांना सर्वे नंबर आणि हिस्सा. अनुवादक आपुलकीने ‘सर्वे नंबर ११४/२’ लिहून टाकतो. मग खरेदीदाराचा मुलगा ऑनलाइन उताऱ्यात सर्वे नंबर शोधत बसतो आणि त्याला दुसऱ्याच कुणाची जमीन सापडते. “गट नंबर ११४/२” असंच कन्नड लिपीत लिहावं, आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात गट म्हणजे काय ते सांगावं.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यात होते. त्यामुळे महसुलाचे कितीतरी शब्द दोन्हीकडे सारखे दिसतात आणि भाषांतर सोपं वाटतं. पण सारखा दिसणारा शब्द सारख्याच अर्थाचा असेल, असं धरून चालता येत नाही. आपली पीक पाहणी ही उताऱ्याची एक बाजू आहे. कन्नडमधली पहाणी म्हणजे अख्खा उतारा. “पीक पाहणीत ज्वारी” याचं “पहाणीत ज्वारी” केलं की वाचणाऱ्याला अर्थाचा पत्ता लागत नाही.

चतुःसीमा लिहिताना नेमकं कुठे चुकतं?

तीन ठिकाणी. पहिली चूक क्रमाची. कन्नड क्रयपत्रात, म्हणजे खरेदीखतात, चक्कुबंदी म्हणजेच चतुःसीमा साधारणपणे पूर्वक्के, पश्चिमक्के, उत्तरक्के, दक्षिणक्के अशी येते. मराठी खरेदीखतात बरेचदा पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस असा फिरता क्रम असतो. काही ठिकाणी पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर असाही. अनुवादक जुन्या कन्नड नमुन्यात मजकूर भरत असेल, तर ओळी खाली-वर सरकतात. पूर्व जागेवर राहते, पण दक्षिणेचा ओढा पश्चिमेला जातो. म्हणून मी मूळ दस्ताचाच क्रम ठेवतो, कन्नड वाचकाला अनोळखी वाटला तरी. ओळ दिशेनुसार तपासता येते. क्रम बदलला की तपासणाऱ्यालाही प्रत्येक ओळ शोधावी लागते. जुन्या कन्नड दस्तांत मूडण, पडुवण, तेंकण, बडगण हे शब्द भेटतात. ते वापरू नयेत. पडुवण आणि बडगण एका यमकाचे, आणि एक पश्चिम, एक उत्तर.

दुसरी चूक शब्दांची, आणि ती सर्वांत घातक. मराठीत शेताच्या कडेचा मातीचा उंचवटा म्हणजे बांध. कन्नडमध्ये बांदु, बांदु कल्लु म्हणजे हद्दीचा दगड. “पूर्वेस बांध” याचं “पूर्वक्के बांदु” केलं तर खरेदीदार दगड शोधायला जाईल. बांधासाठी शब्द आहे बदु. तसंच नाल्याचं. आपला ओढा, नाला म्हणजे कन्नड हळ्ळ. कन्नड नाले म्हणजे पाटबंधाऱ्याचा कालवा, ज्यातून पाणी मिळतं. “दक्षिणेस नाला” वाचून कालव्याचं पाणी मिळेल असं समजणारा खरेदीदार मी पाहिला आहे. कालव्याला कालुवे लिहावं, म्हणजे गोंधळ उरत नाही. रस्त्यातही फरक राखावा. गाडीवाट म्हणजे बंडि दारि, पायवाट म्हणजे कालु दारि. दोन्हींना एकच दारि लिहिलं, तर ट्रॅक्टर जाईल की नाही, हेच गोषवाऱ्यातून पुसलं जातं.

तिसरी चूक मालकीची. आमच्या उदाहरणात चतुःसीमा अशी आहे: पूर्वेस गट नंबर ११५, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस विक्रेत्याची उर्वरित जमीन, उत्तरेस १५ फूट गाडीवाट व त्यापलीकडे गट नंबर ११२. पश्चिमेची ओळ गोषवाऱ्यात “विक्रेत्याची जमीन” एवढीच राहिली तर एक मोठी गोष्ट हरवते. उर्वरित या शब्दावरून कळतं की हा तुकडा मोठ्या जमिनीतून काढलेला आहे, आणि तिथे मोजणी करून खुणा घातल्याखेरीज हद्द कागदावरच राहते. “मारुववर उळिद जमीनु” असं पूर्ण लिहावं. उत्तरेच्या ओळीत १५ फूट आणि “व त्यापलीकडे” दोन्ही हवेत. नाहीतर गाडीवाट खरेदीदाराच्या हद्दीत आहे की हद्दीबाहेर, हा प्रश्न पहिल्या पेरणीलाच उभा राहतो.

चतुःसीमा आणि क्षेत्र जुळत नसतील तर कोणतं खरं?

सीमा स्पष्ट असतील तर न्यायालयं साधारणपणे आकड्यापेक्षा सीमांना वजन देतात, पण हे प्रत्येक प्रकरणाच्या पुराव्यावर ठरतं. गोषवारा लिहिणाऱ्याचं काम ते ठरवणं नाही. त्याने दोन्ही जशाच्या तशा द्याव्यात, आणि वाचताना विसंगती जाणवली तर कन्नड मजकुराबाहेर, शेवटी, वेगळ्या टिपेत लिहावी. आकडा दुरुस्त करून टाकणं ही सर्वांत वाईट मदत.

पैशाचा तपशील कसा मांडावा?

दस्तात तो एका लांब वाक्यात गुंफलेला असतो. गोषवाऱ्यात तो फोडून ओळींत मांडावा. आमच्या २७ लाखांचा तपशील असा:

१. विसार २,५०,००० रुपये, चेकने, पावले.
२. दुसरा हप्ता १०,००,००० रुपये, आरटीजीएसने, पावले.
३. खरेदीखत नोंदवताना ११,५०,००० रुपये, धनाकर्षाने.
४. उरलेले ३,००,००० रुपये, फेरफार प्रमाणित झाल्यापासून १५ दिवसांत, पुढील तारखेच्या चेकने.

बेरीज २७,००,०००. बेरीज गोषवाऱ्यात लिहावीच, कारण हप्त्यातला एखादा शून्य गळाला तर ती लगेच ओरडून सांगते.

प्रत्येक ओळीत पाच गोष्टी हव्यात: रक्कम आकड्यात, रक्कम कन्नड अक्षरांत, साधन, चेक किंवा व्यवहार क्रमांक व तारीख, आणि दिलं की द्यायचं. शेवटची गोष्ट कन्नडमध्ये क्रियापदावर टांगलेली असते. संदायवागिदे म्हणजे दिलं गेलं आहे. संदायवागबेकु म्हणजे द्यायला हवं. शेवटचे दोन-तीन ध्वनी बदलले की तीन लाखांचा अर्थ फिरतो. मराठी दस्तात “भरून पावले” असतं तिथेच पहिलं रूप, बाकी सगळीकडे दुसरं.

चौथी ओळ खरेदीदाराने नीट समजून घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकी खरेदीदाराकडे गेल्यावरही काही किंमत द्यायची राहिली असेल, तर त्या रकमेपुरता विक्रेत्याचा बोजा जमिनीवर राहतो. दस्तात वेगळं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. त्या तीन लाखांचं भाषांतर “उळिद बाकी”, उरलेली बाकी, एवढंच करून पुढे जाऊ नये.

मुदतीचा शब्द कसा लिहावा?

मुदत कोणत्या घटनेपासून मोजायची ते सांगितल्याशिवाय पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही. आमच्या दस्तात फेरफार प्रमाणित झाल्यापासून आहे. फेरफाराची नोंद धरली जाणं आणि तो प्रमाणित होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे नोटीस निघते आणि हरकतींसाठी मुदत असते. “म्युटेशन आद नंतर”, म्हणजे म्युटेशन झाल्यावर, असं लिहिलं तर दोघेही आपापल्या सोयीची तारीख धरतील. मी पूर्ण वाक्य लिहितो: फेरफार प्रमाणित झाल्याची नोंद ज्या दिवशी होईल त्या दिवसापासून. खतावर सही केल्यापासून आणि दस्त नोंदवल्यापासून यातही असाच फरक आहे. सही आणि नोंदणी एकाच दिवशी होतातच असं नाही.

चेकबाबतही तेच. “चेक दिल्यानंतर ताबा” आणि “चेक वटल्यानंतर ताबा” ही दोन वेगळी वचनं आहेत. दुसऱ्यासाठी कन्नडमध्ये “चेक नगदाद नंतर”. हा नगदाद विसरला की ताब्याची तारीख बदलते.

विसाराला कन्नडमध्ये काय म्हणायचं?

उत्तर कर्नाटकात संचकार हा शब्द विसारासाठी चालतो आणि जुन्या माणसांना तो लगेच कळतो. नवीन पिढीसाठी त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: धोका, अरिष्ट. वर्तमानपत्रात तो याच अर्थाने दिसतो. म्हणून मी “मुंगड” लिहितो आणि पहिल्यांदा येईल तिथे शेजारी संचकारही देतो. साठेखताला मात्र क्रयपत्र लिहू नये. क्रयपत्र म्हणजे पूर्ण झालेली खरेदी. साठेखत हा पुढे खरेदी करण्याचा करार, तिथे “क्रयद करारु पत्र” हवं.

तोंडी समजावताना साडे, पावणे, अडीच यांचं काय?

कन्नडमध्ये पावणे हा शब्द नाही. पावणेतीन लाख सांगायचं तर “एरडू मुक्कालु लक्ष”, म्हणजे दोन आणि पाऊण. मराठीतून विचार करणारा माणूस तीनपासून सुरुवात करतो आणि मुक्कालु जोडतो. लगेच पावणेतीनाचे पावणेचार होतात. अडीच सोपं आहे, एरडूवरे. दीड ओंदूवरे. कागदावर हे शब्द वापरूच नयेत. एरडु लक्ष ऐवत्तु साविर, म्हणजे दोन लाख पन्नास हजार, असं पूर्ण लिहावं.

आकडे कन्नड लिपीत लिहावेत का?

क्षेत्र आणि रकमा मी इंग्रजी पद्धतीच्या आकड्यांत लिहितो. कन्नड एकचा आकार जवळजवळ बंद वर्तुळासारखा असतो, आणि फिकट झेरॉक्समध्ये तो शून्यासारखा दिसतो. गट नंबर ११४ मधले दोन एक शून्य झाले, तर दुसऱ्याच जमिनीचा कागद हातात पडेल. आकड्यांशेजारी कन्नड अक्षरांत रक्कम असतेच, त्यामुळे वाचणाऱ्याची अडचण होत नाही.

नावं कशी लिहावीत?

खरेदीदाराच्या आधार कार्डावर कन्नडमध्ये असतील तशी. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ ए, ओ वेगळे लिहिले जात नाहीत, कन्नडमध्ये जातात. त्यामुळे कानाने ऐकून लिहू नये.

तयार गोषवारा बरोबर आहे हे कसं तपासायचं?

भाषांतर केलं त्या व्यक्तीने स्वतः पुन्हा वाचलं तर चूक सापडत नाही. डोळ्यांना आधीच माहीत असतं तेच दिसतं. मी तीन गोष्टी करतो.

कन्नड येणाऱ्या आणि मूळ दस्त न पाहिलेल्या माणसाला गोषवारा देतो. कोऱ्या कागदावर तो फक्त आकडे, एककं, दिशा आणि तारखा उतरवतो. मग तो कागद मराठी दस्ताशेजारी ठेवून ओळ-ओळ जुळवतो. मग कन्नड चतुःसीमेवरून त्यालाच एक चौकोन काढायला लावतो, वर उत्तर. दक्षिणेला ओढा, पश्चिमेला विक्रेत्याची उरलेली जमीन, उत्तरेला गाडीवाट. मोजणीचा नकाशा असेल तर शेजारी ठेवतो. दिशा फिरली असेल तर चित्रात ती सेकंदात दिसते. आणि शेवटी पैशाच्या ओळींची बेरीज त्याने करायची, मी नाही.

यात अर्धा तास जातो. खरेदीदाराच्या घरातल्या वाचणाऱ्या मुलीने किंवा मुलाने हे केलं तर अधिक चांगलं, कारण पुढे कागद तेच सांभाळणार असतात.

मूळ दस्तातच चूक दिसली तर?

एकदा ७/१२ वर पोटखराब्यासह १.२०.०० होतं आणि मसुद्यात १.१२.०० लिहून त्यावर “पोटखराब्यासह” असं आलं होतं. आठ आर अदृश्य. गोषवाऱ्यात मी १.१२.०० च लिहिलं, कारण माझं काम मसुदा दाखवणं होतं. पण टिपेत दोन्ही आकडे देऊन खरेदीदाराला आणि दस्त लिहिणाऱ्याला एकत्र बसवलं. मसुदा बदलला, आणि मग गोषवाराही. दस्तात अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम जुळत नसेल तरी हीच पद्धत.

नोंदणी झाल्यावर अशी चूक सापडली, तर दोन्ही पक्षांनी चूक दुरुस्ती पत्र करून ते नोंदवावं लागतं. त्यासाठी विक्रेता पुन्हा सहीला यायला हवा. तो गावात नसेल किंवा वारला असेल तर वारसांना शोधावं लागतं. दुरुस्ती पत्र झालं की जुना गोषवारा परत घेऊन त्यावर आडवी रेघ मारावी. नव्याच्या डोक्यावर दुरुस्ती पत्राचा दस्त क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि खरेदीदाराच्या फाइलमध्ये दोन्ही दस्तांच्या मागे तो नवा कागद लावावा.